आंबट चेरीचा अर्क आणि बंद केलेली गोळी

ज्या घराच्या उंबरठ्याच्या आत पिढ्यान्‌पिढ्या मद्य-मांस आलेले नाही, त्या घरातील माणसाला गाऊट झाला की आजारापेक्षा आश्चर्याचीच चर्चा अधिक होते. हा विकार सामिष आहाराचा आणि मद्यपानाचा, अशी सर्वत्र समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. रक्तातील युरिक अ‍ॅसिडचा मोठा भाग, सुमारे दोन तृतीयांश, शरीर स्वतःच्या पेशींच्या झिजेतून निर्माण करते. आहारातून येतो तो उरलेला भाग. आणि बहुसंख्य रुग्णांमध्ये खरी अडचण निर्मितीची नसून निचऱ्याची असते. मूत्रपिंडे जेवढे बाहेर टाकायला हवे तेवढे टाकत नाहीत. वाढलेले वजन, साखरेची गोड पेये, रक्तदाबासाठी दिलेली काही मूत्रल औषधे आणि आनुवंशिकता यांमुळे शुद्ध शाकाहारी माणसाच्याही रक्तात हे आम्ल साचू शकते. आयुर्वेदाने ज्याला वातरक्त म्हटले, त्या विकाराशी याची लक्षणे पुष्कळ जुळतात.

सांगलीतील एका सेवानिवृत्त गणित शिक्षकांची गोष्ट या दृष्टीने समजून घेण्यासारखी आहे. घरात आणि वसाहतीत सारे त्यांना अण्णा म्हणतात. वय बासष्ट, नित्य देवदर्शन, सूर्यास्तापूर्वी भोजन, आणि भाद्रपदातील दशलक्षण पर्वात दहा दिवस एकाशन हा तीस वर्षांचा नेम. दोन वर्षांपूर्वी त्यांनी नऊ दिवस एकाशन करून अनंत चतुर्दशीला निर्जल उपवास केला. पारण्याच्या रात्री दोनच्या सुमारास उजव्या पायाचा अंगठा असा पेटला की अंगावरच्या चादरीचा स्पर्शही सहन होईना. सकाळी अंगठ्याचा सांधा लालभडक, गरम आणि तकतकीत सुजलेला होता.

उपवासाचा आणि या वेदनेचा संबंध योगायोगाचा नव्हता. अन्न थांबले की शरीर चरबी जाळू लागते आणि त्यातून कीटोन नावाची आम्ले तयार होतात. मूत्रपिंडातून बाहेर पडण्याच्या वाटेवर ही आम्ले आणि युरिक अ‍ॅसिड यांची चढाओढ होते आणि युरिक अ‍ॅसिड मागे राहते. पाणीही थांबले तर रक्तातील त्याची घनता आणखी वाढते. साधारणतः एका डेसिलिटर रक्तात ६.८ मिलिग्रॅमपेक्षा अधिक झाले की ते विरघळलेले राहू शकत नाही आणि सुईसारख्या स्फटिकांच्या रूपाने सांध्यात बसू लागते. पायाचा अंगठा शरीराच्या मानाने थंड असतो, म्हणून बहुधा पहिली पाळी त्याची.

अण्णांची त्याच दिवशी केलेली रक्ततपासणी ६.६ आली. प्रयोगशाळेच्या कागदावर ती मर्यादेच्या आतच होती, आणि घरच्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. डॉक्टरांनी मात्र तीन आठवड्यांनी पुन्हा तपासणी सांगितली. ऐन दाहाच्या काळात रक्तातील युरिक अ‍ॅसिड तात्पुरते खाली येऊ शकते. त्यामुळे त्या दिवशीचा चांगला आकडा गाऊट नाही असे सिद्ध करत नाही. तीन आठवड्यांनंतरचा आकडा ९.१ होता. अण्णांच्या रक्तदाबाच्या गोळीत हायड्रोक्लोरोथायझाइड हे मूत्रल द्रव्य होते, जे युरिक अ‍ॅसिड अडवून धरते. डॉक्टरांनी ती बदलून लोसार्टन दिले, जे त्याच्या निचऱ्याला थोडी मदत करते. हा बदल डॉक्टरांनी केला, हे महत्त्वाचे. रक्तदाबाची गोळी आपल्या मनाने थांबवणे हा दुसऱ्याच संकटाचा मार्ग आहे.

त्यानंतर सुरू झाले अलोप्युरिनॉल. रोज १०० मिलिग्रॅमपासून आरंभ, महिन्या-महिन्याने वाढ आणि तिसऱ्या महिन्यात ३०० मिलिग्रॅम. ध्येय ठरलेले होते: युरिक अ‍ॅसिड ६ च्या खाली आणि तेथेच कायम. या पातळीखाली रक्त असंपृक्त राहते आणि सांध्यांत बसलेले जुने स्फटिक महिनोन्‌महिने हळूहळू विरघळत जातात. सोबत पहिले सहा महिने कोल्चिसिनची ०.५ मिलिग्रॅमची एक गोळी रोज होती. तिचे कारण डॉक्टरांनी सांगितले होते, पण अण्णांच्या ध्यानात ते पुरते राहिले नव्हते. स्फटिक विरघळू लागले की ते सांध्यात सैल होतात, आणि त्या हालचालीनेच आरंभीच्या महिन्यांत पुन्हा दाह उसळू शकतो. दुसऱ्या महिन्यात अण्णांचा घोटा दोन दिवस दुखला तेव्हा त्यांच्या मनाने निष्कर्ष काढला की औषध चालू असूनही दुखते, अर्थात औषध निरुपयोगी. फाल्गुनात तपासणीचा आकडा ५.४ आला, तरी मनातील तो किंतु गेला नाही.

वैशाखात अण्णांच्या धाकट्या मुलाने अमेरिकेतून एक बाटली पाठवली. तो मिशिगन राज्यात नोकरी करतो. त्या राज्याच्या उत्तरेकडील ट्रॅव्हर्स सिटीच्या परिसरात आंबट चेरीच्या मोठ्या बागा आहेत. तेथे प्रामुख्याने मोंमोरन्सी नावाची जात लावली जाते. फळ तेजस्वी लाल, चव इतकी आंबट की ते बहुधा रस, सुके फळ किंवा अर्क करूनच वापरतात. आपल्याकडे हिमाचल आणि काश्मीरमधून येणारी चेरी ही गोड जातीची, निराळी. आणि बेकरीतील केकवर बसलेली लाल चेरी पुष्कळदा चेरी नसतेच. साखरेच्या पाकात मुरवून रंगवलेले करवंद असते. तेव्हा ‘चेरी गाऊटवर चांगली’ असे ऐकून ती खाणाऱ्याच्या पोटात केवळ साखर जाते.

बाटलीवरील घटकांची यादी प्रथम वाचली ती अण्णांच्या पुतणीने. ती औषधनिर्माणशास्त्राची पदवीधर. आतील अर्क फळाचा होता, पण कॅप्सूलचे आवरण जिलेटिनचे होते, आणि जिलेटिन प्राण्यांच्या कातड्यापासून व हाडांपासून बनते. अण्णांनी बाटली तशीच बाजूला ठेवली. मुलाने मग वनस्पतिजन्य सेल्युलोजच्या आवरणाची दुसरी पाठवली. येथवर सारे विवेकाने घडले. चूक झाली ती पुढे.

मुलाने सोबत एका संशोधनाची माहिती कळवली होती. बोस्टन विद्यापीठातील संशोधकांनी ते २०१२ मध्ये प्रसिद्ध केले. गाऊट असलेल्या ६३३ जणांचा वर्षभर इंटरनेटद्वारे मागोवा घेतला गेला. ज्या दोन दिवसांत त्यांनी चेरी किंवा चेरीचा अर्क घेतला होता, त्यानंतर गाऊटचा झटका येण्याची शक्यता इतर दिवसांच्या तुलनेत ३५ टक्के कमी आढळली. गणिताच्या शिक्षकाला आकडा भावला. ज्येष्ठ सुरू होताच त्यांनी सकाळ-संध्याकाळ एकेक कॅप्सूल सुरू केली आणि आठवड्याभरात अलोप्युरिनॉल कुणाला न सांगता बंद केले. कोल्चिसिनची मुदत तर आधीच संपली होती.

पुढचे तीन महिने अण्णांचे पाऊल एकदाही दुखले नाही. झोपही सुधारली, असे ते सांगत. वसाहतीतील दोघा-तिघांनी बाटलीवरील नाव लिहूनही घेतले. पर्वाच्या आधी पंधरा दिवस पुतणीने औषधांचा डबा आवरताना अलोप्युरिनॉलच्या न फोडलेल्या पट्ट्या पाहिल्या आणि सर्व उलगडा झाला. तिने रागावण्याऐवजी रक्त तपासायला नेले. आकडा आला ८.८.

“दुखत नाही ना? मग आकड्याला काय विचारायचे?” अण्णा म्हणाले.

“अण्णा, तुम्ही ३५ टक्के वाचलेत. त्याच निबंधातली पुढची ओळ वाचलीत का?” पुतणीने विचारले.

पुढची ओळ अशी होती, की ज्या काळात रुग्ण चेरीही घेत होते आणि अलोप्युरिनॉलही, त्या काळात झटक्याची शक्यता दोन्ही न घेण्याच्या काळापेक्षा ७५ टक्क्यांनी कमी होती. म्हणजे ज्या संशोधनाच्या आधारे गोळी सोडली गेली, तेच संशोधन गोळी न सोडण्याच्या बाजूने अधिक जोराने बोलत होते. शिवाय ते निरीक्षण होते, प्रयोग नव्हे. चेरी खाणारे लोक त्या दिवशी पाणीही अधिक पीत असतील, पथ्यही नीट पाळत असतील. या गोष्टी अशा अभ्यासात पूर्णपणे वेगळ्या काढता येत नाहीत.

खरा प्रयोग नंतर न्यूझीलंडमध्ये झाला आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. गाऊटच्या ५० रुग्णांना आंबट चेरीचा घट्ट रस वेगवेगळ्या मात्रांत अथवा चेरीच्या चवीचे साधे पेय २८ दिवस देण्यात आले. त्यांतील निम्मे अलोप्युरिनॉल घेणारे होते. रक्तातील युरिक अ‍ॅसिडवर चेरीच्या कोणत्याही मात्रेचा परिणाम दिसला नाही. झटक्यांचा निवाडा करण्यास अठ्ठावीस दिवस अपुरे आहेत. परंतु चेरी युरिक अ‍ॅसिड उतरवते, या दाव्याला त्यातून आधार मिळत नाही.

मग चेरीने होते तरी काय? तिच्या लाल रंगातील अँथोसायनिन ही द्रव्ये दाहाची तीव्रता थोडी कमी करू शकतात, असे मानण्यास जागा आहे. म्हणजे तिचा उपयोग असलाच तर तो आगीचा भडका थोडा मंद करण्यापुरता. सांध्यातील सरपण ती हलवत नाही. आणि वेदना नसणे म्हणजे स्फटिक नसणे नव्हे. झटक्या-झटक्यांच्या मधला शांत काळ चेरी न घेणाऱ्या रुग्णांच्याही वाट्याला येतो. कधी तो महिन्यांचा असतो, कधी वर्षांचा. अण्णांचे तीन निरामय महिने चेरीचे होते, की आधी सहा-सात महिने घेतलेल्या अलोप्युरिनॉलने स्फटिकांचा साठा उतरवल्याचे, हे केवळ न दुखणाऱ्या पावलावरून ठरवणे शक्यच नव्हते. आकडा मात्र सांगत होता की साठा पुन्हा वाढू लागला आहे.

अण्णांना युक्तिवाद पटला, पण ‘पर्व होऊ दे, मग पाहू’ यावर ते ठाम राहिले. पर्वाच्या पाचव्या दिवशी एकाशनानंतर दुपारी डावा गुडघा सुजला, संध्याकाळी ताप आला, आणि मंदिरातून त्यांना खुर्चीवर बसवून घरी आणावे लागले. रुग्णालयात प्रथम गुडघ्यातील द्रव सुईने काढला गेला. एकच सांधा गरम, सुजलेला आणि अंगात ताप, असे असेल तर सांध्यात पू झाल्याची शंका आधी दूर करावी लागते, कारण तो संसर्ग थोड्या दिवसांत सांधा नष्ट करू शकतो. सूक्ष्मदर्शकाखाली युरेटच्या सुया दिसल्या आणि जंतूंच्या तपासणीत काही आले नाही. अण्णांचे राहिलेले पर्व अंथरुणावर गेले. तीस वर्षांचा नेम त्या वर्षी खंडित झाला, याचे दुःख त्यांना गुडघ्याहून अधिक होते.

दाह शमल्यावर अलोप्युरिनॉल पुन्हा सुरू झाले ते ३०० नव्हे, १०० मिलिग्रॅमपासूनच आणि सोबत कोल्चिसिन. या वेळी डॉक्टरांनी सावधगिरीच्या गोष्टी कागदावर लिहून दिल्या. पहिली गोष्ट अशी, की गोळी नियमित चालू असताना झटका आला तर ती बंद करायची नाही. झटक्याचे औषध वेगळे घ्यायचे आणि ही तशीच चालू ठेवायची. दुसरी गोष्ट पहिलीच्या उलट आहे, म्हणून दोन्ही नीट वेगळ्या ओळखायला हव्यात. अंगावर पुरळ उठले, तोंड किंवा डोळे चुरचुरू लागले, कातडी सोलू लागली किंवा पुरळाबरोबर ताप आला, तर अलोप्युरिनॉल त्याच क्षणी थांबवून डॉक्टरांकडे जायचे आणि पुन्हा आपल्या मनाने कधीच सुरू करायचे नाही. ही प्रतिक्रिया विरळा असते, बहुधा पहिल्या दोन-तीन महिन्यांत दिसते, पण जीवघेणी ठरू शकते. मात्रा कमीपासून वाढवत नेण्याचे एक कारण हेच आहे.

उरलेल्या सूचना इतर औषधांविषयी होत्या. अवयव-प्रत्यारोपणानंतर किंवा काही दीर्घ विकारांत दिले जाणारे अझाथायोप्रिन आणि अलोप्युरिनॉल एकत्र आल्यास रक्तपेशी धोकादायकरीत्या घटू शकतात. अलोप्युरिनॉल न सोसणाऱ्यांना फेबुक्सोस्टॅट देतात. पण हृदयविकार असलेल्यांनी ते घेण्यापूर्वी तसे स्पष्ट सांगावे, कारण २०१९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्यावर हृदयासंबंधी मृत्यूच्या जोखमीचा ठळक इशारा जोडला. कोल्चिसिनची मात्रा मूत्रपिंड अशक्त असेल तर कमी करावी लागते, आणि क्लॅरिथ्रोमायसिनसारख्या प्रतिजैविकाबरोबर ते विषासमान होऊ शकते. जुलाब सुरू होणे ही त्याची पहिली खूण. दुकानातून मागून घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडाला इजा करतात आणि मूत्रपिंड थकले की युरिक अ‍ॅसिड आणखी साचते.

झोपेचा प्रश्न राहिला. अण्णांची झोप चेरीने खरोखर सुधारली का? याविषयीचे अभ्यास लहान आहेत. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका इंग्लिश प्रयोगात वीस निरोगी व्यक्तींनी सात दिवस मोंमोरन्सी चेरीचा घट्ट रस घेतला, तेव्हा त्यांची झोप सरासरी अर्ध्या तासाच्या आसपास वाढली. मात्र ही निरोगी माणसे होती आणि प्रयोग आठवड्याचा होता. शिवाय तो रसाचा होता, कॅप्सूलचा नव्हे. आंबट चेरीत मेलाटोनिन असते हे खरे, पण ताज्या फळात ते एका ग्रॅमला सुमारे तेरा नॅनोग्रॅम एवढेच. शंभर ग्रॅम फळात सव्वा मायक्रोग्रॅमच्या जवळपास भरते. बाजारातील तीन मिलिग्रॅमच्या गोळीत त्याच्या दोन हजार पटींहून अधिक असते. म्हणून चेरी ही झोपेची गोळी नव्हे. झाला तर थोडा गुण येईल. त्यासाठी रात्री निजताना घेण्याचीही आवश्यकता नाही; त्या प्रयोगातही दुसरी मात्रा संध्याकाळच्या जेवणापूर्वी होती. रात्रिभोजन त्यागाचा नियम पाळणाऱ्याला त्यात अडचण पडत नाही. आणि झोपेत मोठ्याने घोरणे, श्वास अडकून दचकून उठणे असे काही असेल, तर चेरीच्या भरवशावर न राहता निद्राश्वसनरोधाची तपासणी करून घ्यावी. तो विकार आणि गाऊट अनेकदा एकत्र आढळतात.

ज्यांना आंबट चेरी घ्यायचीच आहे, त्यांनी तीन गोष्टी पाहाव्यात. घट्ट रसाच्या तीस मिलिलिटरमध्ये वीस ग्रॅमच्या आसपास साखर असू शकते. मधुमेहींना ती त्रासाची, आणि फळांतील फ्रुक्टोज अधिक प्रमाणात गेले तर स्वतःच युरिक अ‍ॅसिड वाढवते. कॅप्सूलमध्ये साखर नाही, पण एका उत्पादकाचे ५०० मिलिग्रॅम आणि दुसऱ्याचे ५०० मिलिग्रॅम यांत फळाचा अंश सारखा असेलच असे नाही. आणि आवरण जिलेटिनचे आहे का, हे प्रत्येक वेळी वाचावे लागते. तिसरी गोष्ट म्हणजे, वॉर्फरिनसारखे रक्त पातळ करणारे औषध चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणताही अर्क घेऊ नये.

अण्णांनी चेरी सोडली नाही. पुतणीनेही सोडायला लावली नाही. गोळीच्या जागी नव्हे, गोळीच्या सोबत, एवढाच करार झाला. पुढच्या चातुर्मासाच्या आरंभी ते डॉक्टरांकडे गेले ते पर्वाचे वेळापत्रक घेऊनच. दहा दिवस एकाशन, त्या एका बैठकीत अलोप्युरिनॉल, रक्तदाबाची गोळी आणि कोल्चिसिन, तेथेच सावकाश भरपूर पाणी, जेवणात डाळ नेहमीसारखी. कारण डाळींमुळे गाऊट बळावतो ही भीती अभ्यासांतून खरी ठरलेली नाही. चतुर्दशीचा निर्जल उपवास मात्र डॉक्टरांनी मान्य केला नाही. अण्णांनी दोन दिवस विचार केला आणि त्या दिवशीही एकाशनच ठेवले. शक्तीनुसार तप करावे असे शास्त्रच सांगते, हे त्यांनी स्वतःच पुतणीला ऐकवले.

पर्वापूर्वीची तपासणी ५.६ होती, पर्वानंतर तीन आठवड्यांनी ५.९. दुसरा आकडा मर्यादेच्या आत, पण काठावर होता. अण्णांनी तो वहीत तारखेसह लिहिला आणि पुढची तपासणी तीन महिन्यांवर न ठेवता दीड महिन्यावर घेतली.